रेषा ओलांडली म्हणजे नक्की काय झालं? बाळाचा ग्रोथ चार्ट वाचताना

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी अवतार. लोकलमध्ये आवाज नीट ऐकू आला नसेल, किंवा बाळ मांडीवर झोपलंय म्हणून हेडफोन लावता येत नसेल, तर निवांत वाचा.

मी पनवेलमध्ये लहान मुलांची डॉक्टर आहे. हल्ली आईबाबा दवाखान्यात येण्याआधी मोबाईलवरचा स्क्रीनशॉट येतो. एखाद्या ॲपमध्ये बाळाचं वजन भरलेलं असतं, खाली आकडा असतो आणि त्याखाली प्रश्न. मागच्या महिन्यात एका बाबांनी विचारलं, "मॅडम, आधी 50 पर्सेंटाइल होता, आता 15 दाखवतंय. बाळ नापास झालं का?"

हसू आलं, पण त्यांची चूक नाही. आपल्याकडे पर्सेंटाइल हा शब्द घराघरात शिरला तो सीईटीमुळे. तिथे 99 म्हणजे पेढे आणि 15 म्हणजे घरात शांतता. बाळाच्या तक्त्यावर मात्र हा हिशोब चालत नाही. तर आज एवढंच बघू: तो आकडा काय सांगतो, आणि बाळ एका रेषेवरून दुसरीकडे गेलं तर कधी थांबून बघायचं.

शंभर मुलींची रांग

समजा, बरोबर एक वर्षाच्या शंभर निरोगी मुली आपण वजनाप्रमाणे रांगेत उभ्या केल्या, सगळ्यात हलकी पहिली, सगळ्यात भारी शेवटी. तुमची मुलगी पंधराव्या जागी असेल तर ती 15 पर्सेंटाइलवर. म्हणजे साधारण पंधरा जणी तिच्याहून हलक्या, बाकीच्या भारी. बस, एवढाच अर्थ. रांगेत कुणीतरी पंधरावं असणारच, आणि ही रांग निरोगी मुलींचीच आहे. पंधरावी मुलगी आजारी नाही आणि नव्वदावी जास्त निरोगी नाही.

ही रांग कुठून आली? पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आपण जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 सालचे तक्ते वापरतो. त्यासाठी 1997 ते 2003 या काळात सहा देशांतल्या साधारण साडेआठ हजार मुलांची मापं घेतली होती: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दिल्लीची होती. मुद्दाम अशी मुलं निवडली होती, ज्यांना आईचं दूध मिळत होतं, ज्यांची आई सिगारेट ओढत नव्हती आणि ज्यांच्या वाढीत गरिबीचा अडथळा नव्हता. त्यामुळे "हे तक्ते गोऱ्यांचे, आपली मुलं बारीकच असतात" हे म्हणणं पाच वर्षांपर्यंत तरी टिकत नाही. पाचच्या पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे आयएपीचे 2015 सालचे तक्ते वापरतात. ते भारतीय मुलांच्या मापांवर बेतलेत आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते.

मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते वेगळे असतात. ॲपमध्ये चुकून दुसरा पर्याय निवडला तर पुढचं सगळंच चुकतं.

दोन मुली, दोन घसरणी

आता खरी गोष्ट. दोन मुलींची उदाहरणं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, वाढीचा आलेख मात्र तसाच ठेवलाय. दोघी दिवस भरून जन्मल्या, दोघींचं वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर मांडलं. या तक्त्यावर पाच रेषा असतात: 3, 15, 50, 85 आणि 97.

पहिली करंजाड्याची. जन्माला आली तेव्हा 3.8 किलो, म्हणजे 85 च्या रेषेच्याही जरा वर. सगळे खूश, "काय गुटगुटीत आहे!" तिसऱ्या महिन्यात 6.1 किलो, सहाव्यात 6.8, नवव्यात 7.2, आणि वर्षाची झाली तेव्हा 7.8. तक्त्यावर ठिपके जोडले तर ती 85 ची रेषा उतरली, मग 50 ची, आणि नवव्या महिन्यात 15 च्याही किंचित खाली आली. तीन रेषा! आजीने घोषणा केली की आईचं दूध पुरत नाही, आणि पावडरचा डबा घरात आला.

दुसरी नेऱ्याच्या बाजूची. जन्मतः 3.2 किलो, अगदी मधल्या रेषेवर. सहाव्या महिन्यात 7.3, पुन्हा बरोबर मधल्या रेषेवर. नवव्यात 7.6, आणि वर्षाला 7.5. ती 50 वरून घसरून 15 च्या खाली गेली. 15 ची एकच रेषा तिने ओलांडली. अंगणवाडीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर ती पूर्णवेळ हिरव्या पट्ट्यात होती, कारण एक वर्षाच्या मुलीचा हिरवा पट्टा साधारण सात किलोला संपतो. घरच्यांना वाटलं, हिरवं आहे म्हणजे सगळं ठीक.

नुसत्या रेषा मोजल्या तर पहिलीची काळजी वाटायला हवी, दुसरीची नाही. प्रत्यक्षात होतं उलट. का, ते एकेक करून बघू.

पहिली का ठीक होती

जन्माच्या वेळचं वजन हे बरंचसं आईच्या पोटातल्या परिस्थितीवर ठरतं. या मुलीच्या आईला गरोदरपणात साखर वाढली होती. आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळापर्यंत पोहोचते आणि बाळ मोठं होतं. जन्मानंतर तो पुरवठा थांबतो. मग बाळ हळूहळू आपल्या घराण्याच्या मापाकडे सरकतं. उलटही होतं: छोट्या चणीच्या आईच्या पोटी जन्मलेलं, पण उंच बाबांचं बाळ पहिल्या वर्षात रेषा चढत जातं. ही सरकासरकी साधारण पहिल्या दीड ते दोन वर्षांत होते. 2004 साली कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या सहा महिन्यांत साधारण एक तृतीयांश मुलांनी उंचीच्या दोन ठळक रेषा ओलांडल्या होत्या. दोन वर्षांनंतर हेच प्रमाण 10 टक्के किंवा त्याहून कमी होतं. म्हणजे तीच घसरण चौथ्या महिन्यात दिसली तर बहुधा जागा शोधणं असतं, आणि चौथ्या वर्षी दिसली तर कारण शोधावं लागतं.

मग या मुलीचं घराणं काय म्हणत होतं? आईची उंची 150 सेंटीमीटर, बाबांची 163. मुलीसाठी हिशोब असा: दोघांची बेरीज करायची, त्यातून 13 वजा करायचे आणि निम्मं करायचं. 150 अधिक 163 म्हणजे 313, वजा 13 म्हणजे 300, निम्मे 150. मुलगा असेल तर 13 वजा न करता मिळवायचे. हा आकडा भविष्यवाणी नाही, त्याच्या मागेपुढे बरीच जागा धरायची असते. पण एवढं कळतं की ही मुलगी छोट्या चणीच्या घरातली आहे. तिने 85 वर राहावं अशी अपेक्षाच चूक होती.

दुसरी खूण लांबीची. जन्मतः ती 51.5 सेंटीमीटर होती, म्हणजे त्याही तक्त्यावर 85 च्या वर. वर्षाला 71 सेंटीमीटर, म्हणजे 15 च्या किंचित खाली. वजन आणि लांबी हातात हात घालून उतरले. बाळ बारीक होत नव्हतं, आपल्या मापाचं होत होतं. डोक्याचा घेर आपल्या रेषेवर होता. ती रांगत होती, भांडी आपटत होती, दिवसभर लघवी व्यवस्थित.

खरं सांगू? नवव्या महिन्यात मीसुद्धा पूर्ण निर्धास्त नव्हते. तीन महिन्यांत 400 ग्रॅम म्हणजे कमीच. मी म्हटलं, महिन्याभराने याच काट्यावर परत या. तिथून पुढे ठिपके 15 च्या रेषेला समांतर चालायला लागले, तेव्हा उत्तर मिळालं. जागा शोधणारं बाळ एका रेषेजवळ जाऊन स्थिरावतं. घसरत राहत नाही.

दुसरी का ठीक नव्हती

आता दुसरीकडे या. तिचं वजन नऊ ते बारा महिन्यांत 7.6 वरून 7.5 झालं. लहान बाळाचं वजन वाढण्याचा वेग कमी होत जातो हे खरं, पण काटा मागे जाणं वेगळं. तीन महिन्यांत शून्य वाढ किंवा घट दिसली, तर बाळ कुठल्याही पर्सेंटाइलवर असो, कारण बघायचंच.

लांबी मात्र वेगळंच सांगत होती. सहाव्या महिन्यात 65.7 सेंटीमीटर, नवव्यात 70, वर्षाला 73.4. ही जवळपास मधलीच रेषा. म्हणजे उंची चालू, वजन थांबलेलं. हा क्रम फार बोलका असतो. शरीराला अन्न कमी पडलं की आधी चरबी आणि मांस खर्च होतं, वजन पडतं. तेच महिनोन् महिने चाललं तर मग उंची थांबते. डोकं सगळ्यात शेवटी, कारण शरीर मेंदूला शेवटपर्यंत जपतं. म्हणून आधी वजन घसरलं आणि उंची टिकून असेल, तर पहिला प्रश्न ताटाचा: पोटात किती जातंय, आणि गेलेलं अंगी लागतंय का.

घसरण सुरू झाली कधी? सहा महिन्यांनंतर. सहाव्या महिन्यापर्यंत फक्त आईचं दूध होतं आणि मुलगी मधल्या रेषेला चिकटून होती. वरचं अन्न सुरू झालं आणि ती घसरायला लागली. मी आईला विचारलं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय दिलं, क्रमाने सांग. वरणाचं पाणी. नाचणीची पातळ पेज. दुधात बुडवलेलं बिस्किट. संध्याकाळी पुन्हा पेज. बाळ पोट भरून खात होतं, पण पोट पाण्याने भरत होतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6, म्हणजे बरंच कमी. लोह कमी झालं की भूक मंदावते, भूक मंदावली की आणखी कमी खाल्लं जातं. लघवीची तपासणीही केली, कारण या वयात लघवीचा जंतुसंसर्ग गुपचूप वजन खातो. ती स्वच्छ निघाली.

उपाय साधा होता. लोहाचे थेंब सुरू केले, आणि अन्न घट्ट केलं. चमचा तिरका केला तर अन्न ओघळता कामा नये, ही खूण. पाणी नको, डाळ कुस्करून भातात. वरून चमचाभर तूप. अंडं, बटाटा, केळं. दिवसातून तीन-चार वेळा जेवण, मध्ये एखादं खाणं, आणि आईचं दूध चालूच. चौदाव्या महिन्यात ती 8.3 किलो झाली, म्हणजे परत 15 च्या रेषेवर. दीड वर्षाला 9.7 किलो, 15 आणि 50 च्या मधोमध.

इथे अंगणवाडी ताईंची बाजूही सांगायला हवी. कार्डावरचे रंग हे फार खाली गेलेल्या मुलांना हुडकण्यासाठी आहेत, आणि ते काम ते करतात. पण त्याच कार्डावर ठिपके जोडून रेषेची दिशा बघायची असते: वर जाणारी चांगली, आडवी धोक्याची, खाली वळलेली जास्त धोक्याची. मधल्या रेषेवरून निघालेलं बाळ हिरव्यातल्या हिरव्यात बरंच घसरू शकतं. तेव्हा "रंग कुठला?" एवढंच विचारून उठू नका. "रेषा कुठे चाललीय?" हेही विचारा.

उंची आधी थांबली तर

तिसरा प्रकार उलट्या क्रमाचा. वजन छान, कधी जास्तच, पण उंचीची रेषा आडवी. हा सहसा शाळेतल्या मुलांमध्ये सापडतो, कारण पाच वर्षांनंतर आपण मापं घ्यायचंच सोडून देतो. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. तीन वर्षं तोच युनिफॉर्म लांबीला बसतोय आणि रुंदीला घट्ट होतोय, तर ताटापेक्षा थायरॉईड आणि वाढीच्या हार्मोनकडे आधी बघतात. मुलींमध्ये टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणीही करतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत, पण वय जाण्याआधी.

वर चढणंही नेहमी कौतुकाचं नसतं. आठ वर्षांखालची मुलगी किंवा नऊ वर्षांखालचा मुलगा अचानक उंचीच्या रेषा चढायला लागला आणि सोबत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर डॉक्टरांना दाखवा. लवकर आलेली वाढ लवकर संपते. आणि डोक्याच्या घेराने कुठल्याही दिशेला रेषा सोडली, तर महिनाभर थांबू नका.

दोन रेषा, पण कुठल्या तक्त्यावरच्या?

"दोन रेषा खाली गेलं की दाखवा" हा नियम तुम्ही इंटरनेटवर वाचला असेल. तो वापरतात, पण त्यात एक गोम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर मधल्या रेषेवरून दोन रेषा खाली म्हणजे 3. आयएपीच्या तक्त्यावर रेषा जवळजवळ आहेत: 3, 10, 25, 50 आणि पुढे. तिथे 50 वरून दोन रेषा खाली म्हणजे 10. नियम एकच, पण पहिल्या तक्त्यावर मूल खूप जास्त घसरल्यावर तो वाजतो. आपली नेऱ्याची मुलगी तर वाजण्याआधीच अडचणीत होती. म्हणून रेषा मोजण्यापेक्षा घसरण किती महिन्यांत झाली, अजून चालू आहे का, आणि उंची सोबत आहे का, हे बघा.

आधी ठिपका तर खरा हवा

घाबरण्याआधी माप तपासा. दवाखान्यातल्या निम्म्या गोष्टी इथेच मिटतात. ओला डायपर आणि जाड स्वेटर मिळून 400 ग्रॅम सहज होतात. एवढ्याने वर्षाची 15 वरची मुलगी पंचविशीच्या आसपास दिसते, आणि पुढच्या वेळी उघडी मोजली की "घसरली". म्हणून उघडं बाळ, तोच काटा, जमलं तर तीच वेळ.

लांबी मोजायला दोन माणसं लागतात, एक डोकं धरायला आणि एक गुडघे सरळ करायला. पलंगावर टेप लावून घेतलेली लांबी मला पाठवू नका, प्लीज. दोन वर्षांपर्यंत झोपवून मोजतात, नंतर उभं करून. उभं केलं की माप सरासरी 0.7 सेंटीमीटर कमी भरतं, त्यामुळे दुसऱ्या वाढदिवसाला कित्येक मुलं उगाच "खाली येतात".

वय जन्मतारखेवरून पूर्ण महिन्यांत भरा. आणि बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक वेळी वयातून दोन महिने वजा करा. नाहीतर ते कायम मागे दिसेल.

त्या स्क्रीनशॉटवाल्या बाबांना मी परत एकच प्रश्न पाठवला होता: "आधीची सगळी मापं आहेत का, वजन आणि उंची दोन्ही?" त्यांच्याकडे वजनाचे दोन आकडे होते, एक दवाखान्यातला आणि एक मेडिकल दुकानातल्या काट्यावरचा, कपड्यांसकट. उंची एकदाही नाही. बाळाला घेऊन आले, नीट मोजलं, आणि आता दर महिन्याला एक ठिपका पडतोय. उत्तर तीन महिन्यांनी मिळेल. तोवर त्यांना ॲप रोज उघडायला बंदी आहे.

तुमच्या घरी ते कार्ड कपाटात कुठेतरी असेलच. आज काढा, ठिपके पेनाने जोडा. रेषा आडवी झालेली किंवा खाली वळलेली दिसली, तर ते कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. नुसता आकडा नका नेऊ. पुढच्या भागात भेटू.